प्रिसिजन हाफ-वेव्ह रेक्टिफायर: आउटपुट अर्धेच येते, मदत हवी आहे

टिळकवाडीचा_विद्यार्थी
नमस्कार. 741 ऑप-अँप आणि 1N4148 डायोड वापरून प्रिसिजन रेक्टिफायर जोडला आहे. इनपुट नॉन-इन्व्हर्टिंग पिनला दिले असून फीडबॅक डायोडच्या पुढून घेतला आहे. स्कोपवर प्रत्येक उंचवट्याचा चढता भाग दिसतच नाही, लहर शिखरापाशी एकदम उभी राहते आणि मग नीट उतरते. परवा प्रात्यक्षिक परीक्षा आहे, कृपया लवकर सांगावे.

निपाणीकर
ऑप-अँपची गरजच काय? ट्रान्सफॉर्मरनंतर चार डायोडांचा ब्रिज लावा. माझ्या बॅटरी चार्जरला तो कित्येक वर्षे पुरतो आहे.

खानापूर_रेडिओ
निपाणीकर, चार्जरमध्ये बारा-पंधरा व्होल्ट असतात, तिथे डायोडने खाल्लेले 0.6 व्होल्ट कोणाला जाणवत नाहीत. इथे प्रश्न लहान सिग्नलचा असावा. विद्यार्थी, इनपुट किती, फ्रिक्वेन्सी किती आणि सप्लाय किती, हे आपण लिहिलेलेच नाही.

टिळकवाडीचा_विद्यार्थी
शिखर 200 मिलिव्होल्ट, 10 किलोहर्ट्झ, सप्लाय ±15. नुसता डायोड लावला तर आउटपुट जवळजवळ शून्य येते.

चिकोडी_इलेक्ट्रॉनिक्स
मग डायोड बदला. जर्मेनियम किंवा शॉटकी लावला की 0.2-0.3 व्होल्टमध्येच काम सुरू होते.

खानापूर_रेडिओ
नुसत्या डायोडपुरते ते काही अंशी खरे आहे, पण 200 मिलिव्होल्टला तोही अपुराच पडेल. इथे डायोड फीडबॅकच्या आत आहे, त्यामुळे त्याचे 0.6 व्होल्ट ऑप-अँप स्वतःच भरून काढतो आणि आउटपुट इनपुटच्या मागोमाग जाते. दोष डायोडचा नाही. प्रोब पिन 6 वर ठेवून पाहा.

टिळकवाडीचा_विद्यार्थी
पाहिले. इनपुट निगेटिव्ह असताना पिन 6 जवळपास -13 व्होल्टवर जाऊन बसते, आणि तिथून तिरक्या सरळ रेषेत वर येते.

खानापूर_रेडिओ
तीच रेषा आपले उत्तर आहे. निगेटिव्ह अर्ध्या भागात डायोड बंद होतो, फीडबॅक तुटतो आणि ऑप-अँप सॅच्युरेट होतो. 741 एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच चढतो, म्हणजे -13 पासून डायोड सुरू होईपर्यंत सुमारे 27 मायक्रोसेकंद जातात. 10 किलोहर्ट्झला अर्धी लहर 50 मायक्रोसेकंदांची आणि तिचे शिखर 25 वर असते, म्हणून ते निघून गेल्यावरच आउटपुट उठते. फ्रिक्वेन्सी 100 हर्ट्झ करा, तीच जोडणी निर्दोष दिसेल.

10 किलोहर्ट्झच हवे असेल, तर दोन डायोडांची इन्व्हर्टिंग जोडणी करा. दुसरा डायोड उरलेल्या अर्ध्या भागातही फीडबॅक चालू ठेवतो, त्यामुळे पिन 6 ला -0.6 पासून +0.6 च्या थोडे वर एवढेच चढावे लागते. मात्र आउटपुटला इनपुटचा उलटा अर्धा भाग येतो, हे वहीत लिहायला विसरू नका.

चिकोडी_इलेक्ट्रॉनिक्स
तेवढे चढायलाही 741 ला दोन-अडीच मायक्रोसेकंद लागतीलच, म्हणजे शून्यापाशी खाच राहणार. मी असतो तर साधीच जोडणी ठेवून TL082 लावला असता.

खानापूर_रेडिओ
TL082 बराच वेगवान आहे, हे मान्य. पण साध्या जोडणीत तोही सॅच्युरेट होतोच, आणि त्यातून बाहेर यायला किती वेळ घेतो ते स्कोपवर पाहिल्याशिवाय मी मानणार नाही.

टिळकवाडीचा_विद्यार्थी
100 हर्ट्झला लहर पूर्ण आली, मनःपूर्वक आभार. प्रयोगशाळेत TL082 नाही, म्हणून आज दोन डायोडांची जोडणी करतो. दोन्ही रेझिस्टर 10 किलोओहमचे घेतले तर चालतील ना?

खानापूर_रेडिओ
चालतील. दोन्ही सारखेच असू द्या, नाहीतर शिखराची उंची 200 मिलिव्होल्टशी जुळणार नाही.