मदत हवी आहे : टेकू सरकवला की तरफेचं गणित जुळत नाही

नमस्कार. मी नागपुरात सातवीला विज्ञान शिकवते. साध्या यंत्रांचा पाठ वर्गातल्याच वस्तूंवर घेतेय. रिळाची कप्पी आणि पुस्तकांवर टेकवलेल्या फळीची उतरण छान झाली. अडलंय तरफेवर.

लाकडी मीटरपट्टी, टेकूला तिधारी पेन्सिल आणि वजनाला रेतीच्या पुड्या. मुलांचा तक्ता असा:

| टेकू | भार आणि अंतर | बलाचं अंतर | लागलेलं बल |
|---|---|---|---|
| ५० सेंमी | २०० ग्रॅम, १० सेंमी | २० सेंमी | १०० ग्रॅम |
| ४० सेंमी | २०० ग्रॅम, २० सेंमी | ४० सेंमी | ७५ ग्रॅम |

दुसऱ्या ओळीतही १०० ग्रॅमच यायला हवे होते. एक मुलगी पुडीतली रेती चिमूट-चिमूट काढत ७५ वर आली आणि म्हणाली, “बाई, नियमच चुकला का?”

नियम बरोबर आहे, राहिलंय ते पट्टीचं स्वतःचं वजन. पट्टी १०० ग्रॅमची. तिचं वजन मधोमध, म्हणजे टेकूपासून १० सेंमीवर, बलाच्या बाजूनं काम करतं. भाराकडे २०० × २० = ४०००, बलाकडे ७५ × ४० अधिक १०० × १०, तेही ४०००.

मला हे समजतं, पण गुरुत्वमध्य हा शब्द न वापरता मुलांना कसं दाखवू? १५ सेंमीच्या खुणेवर ४० ग्रॅम माती चिकटवली की रिकामी पट्टी ४० वरच तोलते, मग १०० ग्रॅमच लागतात. पण मातीनं खरं कारणच झाकलं जाईल असं वाटतं. आधी ७५ चं कोडं ठेवावं की आधी माती लावावी? वर्गात करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.