विषय: गाडी घ्यायचीय, कमाल किंमत किती धरू?

सायली:
नमस्कार मंडळी, वापरलेली गाडी घ्यायची चाललीय. महिन्याला गाडीवर सगळं मिळून ६०० च्या वर जायचं नाही असं घरी ठरलंय (चलन कुठलंही धरा, हिशोब तोच). हातात ३,००० आहेत, कर्ज ७ टक्क्याने ४ वर्षांसाठी मिळतंय. डीलर म्हणतो ६०० चा हप्ता म्हणजे २५ हजारांचं कर्ज बसतं, म्हणजे खूप चांगली गाडी येते. मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय.

प्रसाद:
चुकतंयच, २५ हजार धरूच नकोस! हप्ता हा खरा खर्चच नाही गं, खरा खर्च म्हणजे घसारा. वर्षाला किंमत किती उतरते ते काढ, १२ ने भाग, ते हप्त्यात मिळव, वर विमा आणि पेट्रोल, आणि मग बघ ६०० मध्ये बसतंय का.

नीताताई:
आम्ही तर रोख घेतली होती, हप्ताच नाही. महिन्याला फक्त पेट्रोल आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंग. कर्जच कशाला काढतेस?

मिलिंद काका:
सायली, हिशोब उलट्या बाजूने कर. हप्त्यापासून सुरुवात करू नकोस, ६०० मधून आधी बाकीचं वजा कर आणि उरेल तेवढाच हप्ता. समजा विमा वर्षाचा १,४४० म्हणजे महिना १२०. पेट्रोलचा आकडा महिन्याचे किलोमीटर भागिले तुला रस्त्यावर खरं मिळणारं ॲव्हरेज गुणिले दर असा काढ, कंपनीने छापलेलं ॲव्हरेज घेऊ नकोस, ११० धरू. नोंदणी नूतनीकरण आणि पार्किंग ३०. राहिली देखभाल, आणि इथेच लोक फसतात कारण ती दर महिन्याला येत नाही, टायर चारही एकदम बदलावे लागतात, बॅटरी एखाद्या सकाळी जाते, ब्रेक पॅड झिजतात, म्हणून महिना सर्व्हिसिंग-दुरुस्तीला ४५ आणि टायर-बॅटरी-ब्रेकला २५, असे ७० बाजूला काढायचे, खर्च झाला नाही तरी. एकूण ३३०. हप्त्याला उरले २७०.

७ टक्के, ४८ महिने, २७० चा हप्ता, यात साधारण ११,२७५ चं कर्ज बसतं. अधिक तुझे ३,००० म्हणजे १४,२७५. पण ही पाटीवरची किंमत नाही, यातून कर आणि कागदपत्रं जायचीत. कर ८ टक्के आणि कागदपत्रांचे ३०० धरले तर (१४,२७५ − ३००) ÷ १.०८, म्हणजे जवळपास १२,९००. ही तुझी वरची मर्यादा. डीलरला हप्ता सांगू नकोस, हा आकडा सांग.

प्रसाद, घसारा धरायलाच हवा, पण हप्त्याच्या वर नाही. हप्त्यातल्या मुद्दलाने तू गाडीच विकत घेतोयस, तिचीच किंमत उतरते, दोन्ही मिळवलं तर एकच पैसा दोनदा मोजला जातो. खिशातून महिन्याला किती जातं ते बघायचं तर हप्ता धर, आणि दोन गाड्यांत शेवटी कोणती स्वस्त पडते ते बघायचं तर घसारा अधिक व्याज धर.

प्रसाद:
बरं, हे पटलं. पण मग कर्ज ७२ महिन्यांचं घेतलं तर? त्याच २७० मध्ये १५,८०० चं कर्ज येतं की.

मिलिंद काका:
येतं, आणि व्याज १,६८५ चं ३,६०० होतं. शिवाय गाडीची किंमत कर्जापेक्षा भरभर उतरते. मधल्या काळात अपघातात गाडी पूर्ण गेली तर विमावाला गाडीची उतरलेली किंमत धरूनच पैसे देतो, तुझं उरलेलं कर्ज किती आहे ते तो बघत नाही. फरक तू भरायचा, तोही गाडी नसताना.

सायली:
काका, दोन गाड्यांचे विम्याचे कोट मागवले. साध्या हॅचबॅकचा १२० च आला, पण मोठ्या गाडीचा १६०, शिवाय तिला पेट्रोल जास्त लागतं आणि टायर महाग, तिथे ४०० वरच गेलं, हप्त्याला फक्त २०० उरले.

मिलिंद काका:
म्हणजे त्या गाडीसाठी तुझी मर्यादा १०,२०० च्या आसपास. ६०० तेच, पण प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी निघते. म्हणून आधी कोट, मग किंमत.

नीताताई:
मग रोख घेणाऱ्याने काय धरायचं? आम्ही पुढच्या गाडीसाठी काहीच बाजूला काढत नाही, हे वाचून विचारात पडले.

मिलिंद काका:
नीताताई, गाडी किती वर्षं चालवणार आणि शेवटी किती येतील त्यावर आहे ते. समजा १०,००० ला घेतली, ८ वर्षांनी २,००० आले तर महिना ८० च्या वर बाजूला पडायला हवेत, नव्या किमती वाढतील ते वेगळंच.

प्रसाद:
मला अजून देखभालीचे ७० कमी वाटतात, वॉरंटी संपलेल्या गाडीत गिअरबॉक्स गेला तर काय? मी १०० धरेन. सायली, मग तुझी हॅचबॅकची मर्यादाही हजार-बाराशेने खाली येईल.

सायली:
दोन्ही आकड्यांनी करून बघते. सर्व्हिस रेकॉर्ड आणि टायरची उरलेली नक्षी बघून कोणता धरायचा ते ठरवेन, उद्या गाडी बघायला जातोय.