उत्तर: टोकं जुळतात तिथे वर्तुळ दिसतं

> "प्रत्येक एचएफआर जातीत जनुकांचा क्रम वेगळाच येतो, मग गुणसूत्र वर्तुळाकार कशावरून?"

एचएफआर म्हणजे ई. कोलाय जिवाणूच्या अशा दाता जाती, ज्या दुसऱ्या पेशीशी जोडी जमवून आपलं गुणसूत्र एका ठरावीक जागेपासून क्रमाने तिच्यात सोडतात; कोणतं जनुक किती मिनिटांनी शिरतं यावरून क्रम कळतो. या क्रमाच्या शेपटाकडे बघा. एचएफआर-एच जातीत थ्रिओनिन, ल्युसिन बनवणारी जनुकं साधारण ८ मिनिटांनी शिरतात, लॅक्टोज पचवणारं लॅक १८ च्या आसपास, गॅलॅक्टोजचं गॅल २५ ला, आणि थायमिन (बी-१) अगदी शेवटी. दुसरी एक जात ल्युसिनपासून उलट्या दिशेने निघते: ल्युसिन, थ्रिओनिन आणि लगेच थायमिन! म्हणजे पहिल्या जातीची दोन टोकं इथे शेजारी बसली. सरळ दोऱ्यात हे जमणार नाही. वोलमन आणि जेकब या शास्त्रज्ञांना १९५० च्या दशकात हेच दिसलं.

बडोद्यात एमएस्सीला असताना आम्ही हाच प्रयोग करताना दाता आणि घेणाऱ्या पेशींचं मिश्रण जोरात हलवत ठेवलं होतं. जोड्या आधीच तुटल्या आणि गॅल आलेल्या वसाहती फारच कमी निघाल्या. म्हणून किती वसाहती आल्या यावर क्रम ठरवू नका. ठरावीक वेळांनी ब्लेंडरमध्ये जोड्या तोडून, स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर दाता मारून, वेळेनुसार वसाहतींच्या आलेखावर प्रत्येक जनुकाची रेषा मागे शून्यापर्यंत ओढा. ती जिथे टेकते ती प्रवेशाची वेळ. एक-दोन मिनिटांच्या अंतरावरची जनुकं मात्र यातून वेगळी काढता येत नाहीत.