अर्धवेळ कामातून मूलभूत खर्च भागवून नोकरी सोडायची आहे: गंगाजळी किती असावी?

जिग_फिक्स्चर (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४५ आहे आणि गेली बावीस वर्षे मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूल डिझाइनचे काम करत आहे. घर स्वतःचे असून त्यावरील कर्ज फिटले आहे. मुलीच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचे पैसे मी वेगळे काढून ठेवले आहेत आणि ते पुढील हिशेबात धरलेले नाहीत. ते वगळता भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवी मिळून माझ्याकडे १ कोटी ३० लाख रुपये आहेत.

आमचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. त्यापैकी किराणा, दूध, वीज, गॅस, सोसायटीची देखभाल, पेट्रोल आणि औषधे यांवर ३५,००० जातात. उरलेले २५,००० म्हणजे विम्याचे हप्ते, प्रवास, लग्नकार्यातील आहेर आणि घराची व गाडीची दुरुस्ती यांची सरासरी आहे. पूर्ण निवृत्तीइतके पैसे माझ्याकडे नाहीत, हे मला मान्य आहे. मात्र एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून आणि दोन लहान वर्कशॉपना डिझाइन करून देऊन महिन्याला ३५,००० रुपये मिळतील, असा माझा अंदाज आहे. हे काम वयाच्या साठीपर्यंत करण्याची तयारी आहे. अशा परिस्थितीत आत्ता नोकरी सोडावी का, आणि नेमकी किती रक्कम पुरेशी मानावी, याबद्दल सल्ला हवा आहे.

सातपूरकर

आपण विनाकारण काळजी करत आहात. वार्षिक खर्चाच्या तीसपट रक्कम जमली की माणूस मोकळा होतो, हा हिशेब आता सर्वांना ठाऊक आहे. आपला मूलभूत खर्च अर्धवेळ कामातून निघणार असल्यामुळे गंगाजळीवर केवळ २५,००० रुपयांचा, म्हणजे वर्षाला ३ लाखांचा भार राहतो. त्याची तीसपट ९० लाख होते. आपल्याकडे १ कोटी ३० लाख आहेत, त्यामुळे उद्याच राजीनामा दिला तरी चालेल.

मोहोर

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे गुंतवल्यास दर तिमाहीला व्याज थेट खात्यात जमा होते आणि अर्धवेळ कामाची दगदग करावी लागत नाही. आपणही त्याचा विचार करावा.

जिग_फिक्स्चर

मोहोरताई, आभारी आहे, परंतु त्या योजनेसाठी साठ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि माझ्यासारख्या खासगी नोकरीतून सेवानिवृत्ती घेतलेल्यांनाही पंचावन्नच्या आधी त्यात प्रवेश नाही. मला अजून बराच अवकाश आहे.

चक्रवाढ

सातपूरकरांनी तीसपटीचा नियम योग्य सांगितला, पण तो चुकीच्या जागी लावला आहे. तीसपट हा आकडा उरलेल्या संपूर्ण आयुष्यासाठी आहे. वर्षाला ३ लाखांची तूट तीसपट केली, तर ३५,००० रुपयांची कमाई नव्वदीपर्यंत सुरू राहील असे आपोआप गृहीत धरले जाते. धागाकर्ते मात्र साठीला थांबणार आहेत आणि त्या दिवसापासून पूर्ण ६०,००० रुपये गंगाजळीतूनच काढावे लागतील.

मी सर्व आकडे आजच्या रुपयांत मांडतो, म्हणजे महागाई वेगळी मोजावी लागत नाही. महागाईपेक्षा गुंतवणूक कर भरून दोन टक्के जास्त वाढते, अर्धवेळची कमाईही महागाईइतकी वाढत राहते आणि पैसे नव्वदीपर्यंत पुरायला हवेत, असे मी धरले आहे. काहीच कमाई नसती तर वार्षिक ७ लाख २० हजारांची तीसपट, म्हणजे सुमारे २ कोटी १६ लाख लागले असते. आता पंधरा वर्षे दरवर्षी ४ लाख २० हजार मिळणार आहेत. त्याच दोन टक्क्यांच्या दराने या सर्व रकमांचे आजचे मूल्य सुमारे ५५ लाख होते. तेवढेच वजा करता येते, त्याहून अधिक नाही. म्हणजे गरज १ कोटी ६१ लाखांची आहे. सातपूरकरांचा हिशेब मात्र १ कोटी २६ लाख वजा करतो.

९० लाखांवर कोणी खरोखर नोकरी सोडली, तर साठीपर्यंत त्याला काहीच खटकणार नाही, कारण तोवर तूट लहान असते आणि शिल्लक रुपयांत वाढतानाच दिसते. त्यानंतर मात्र पैसे सत्तरीच्या सुमारास संपतील. या चुकीचा धोका हाच आहे की ती लक्षात येते तेव्हा पुन्हा काम मिळण्याचे वय उलटून गेलेले असते. धागाकर्त्यांच्या १ कोटी ३० लाखांवर ते ऐंशीच्या आसपास पोहोचतात. म्हणजे गरजेच्या मानाने आज ३१ लाख कमी पडतात. सध्याच्या नोकरीत अजून दोन वर्षे राहून दरवर्षी १२ लाख शिल्लक टाकता आले आणि त्यानंतर पंधरा वर्षे, म्हणजे बासष्टीपर्यंत, अर्धवेळ काम केले, तर हिशेब जुळतो.

सातपूरकर

माझी चूक मान्य आहे. मी स्वतःसाठीही याच पद्धतीने आकडा काढून ठेवला होता, तो आता पुन्हा तपासावा लागेल. तरीही दोन टक्के हा अंदाज मला फार भित्रा वाटतो. पंचेचाळीस वर्षांच्या काळात निम्मी रक्कम समभागांत ठेवणाऱ्याला तीन टक्के मिळायला हरकत नसावी. तीन टक्के धरून मी आपल्याच पद्धतीने गणित केले, तेव्हा गरज १ कोटी ३० लाख आली. म्हणजे धागाकर्त्यांकडे आजच नेमकी तेवढी रक्कम आहे.

चक्रवाढ

आपले गणित बरोबर आहे आणि खरा पेच तिथेच आहे. एका टक्क्याने दोन वर्षांची नोकरी वाचते किंवा वाढते, आणि तो टक्का मिळेल की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही. मी दोनवर राहीन, आपण तीनवर राहा.

तासिकावाले

मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहे, म्हणून गुंतवणुकीबद्दल न बोलता केवळ त्या ३५,००० रुपयांबद्दल लिहितो. आमचे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर मिळते. परीक्षा, निकाल आणि सुट्ट्यांच्या काळात तास नसतात, त्यामुळे पैसेही नसतात. वर्षातून मोठ्या मुश्किलीने आठ महिने भरतात. शिवाय बिले मंजूर होऊन रक्कम खात्यात पडायला तीन-चार महिने सहज लागतात. एका वर्षी दिवाळीच्या आधी शिकवलेल्या तासांचे पैसे मला उन्हाळ्यात मिळाले. दर वर्षी नेमणूक नव्याने होते आणि प्रवेश कमी झाले की सर्वांत आधी आमचे तास जातात. आपला अंदाज पूर्ण वर्षाच्या मानधनावर आधारलेला असेल, तर तो कृपया पुन्हा पाहावा.

चक्रवाढ

हा मुद्दा माझ्या टक्क्यांच्या वादापेक्षा महत्त्वाचा आहे. सर्वच कमाई वर्षातून आठ महिने झाली, तर ती वर्षाला २ लाख ८० हजार उरते, तिचे आजचे मूल्य सुमारे ३७ लाख होते आणि लागणारी गंगाजळी १ कोटी ७९ लाखांवर जाते. वर्कशॉपचे काम बारमाही असेल, तर परिस्थिती इतकी बिघडणार नाही. म्हणून मासिक आकड्यावर विसंबू नये, वर्षभरात प्रत्यक्ष खात्यात जमा होणारी रक्कम धरावी. याशिवाय एक वर्षाचा मूलभूत खर्च, म्हणजे ४ लाख २० हजार, बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात वेगळा ठेवावा. तसे केले नाही, तर मानधन रखडलेल्या महिन्यात घसरलेल्या बाजारातही युनिट विकावी लागतील.

अर्धवेळ कमाईचा खरा उपयोगही याच ठिकाणी होतो. २००८ साली सेन्सेक्स वरच्या पातळीपासून निम्म्याहून खाली आला होता. निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत असे घडले आणि त्याच वेळी पूर्ण ७ लाख २० हजार काढावे लागले, तर पुढे बाजार सावरला तरी विकलेली युनिट परत येत नाहीत. ३ लाखच काढावे लागत असतील, तर तो घाव बराच हलका होतो. मात्र मंदीत लहान वर्कशॉपच्या ऑर्डरीही आटतात, त्यामुळे बाजार आणि आपले काम एकाच वर्षी बसण्याची शक्यता असते. या दृष्टीने महाविद्यालय आणि वर्कशॉप अशी दोन वेगळी कामे असणे हे आपल्या योजनेतील बळ आहे.

पॅसिफिककाठी

मी सिॲटलमध्ये राहतो. इकडे या मार्गाला ‘बरिस्ता फायर’, म्हणजे कॉफीच्या दुकानात अर्धवेळ काम करत घेतलेली लवकर निवृत्ती, म्हणतात, कारण स्टारबक्स आठवड्याला सरासरी वीस तास काम करणाऱ्यांनाही आरोग्य विमा देते आणि सरकारी मेडिकेअर बहुतेकांना पासष्टीनंतरच मिळते. त्यामुळे इथले लोक अर्धवेळ काम पगाराइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, विम्यासाठी करतात. धागाकर्त्यांच्या हिशेबात मला विम्याचे हप्ते दिसले, पण ते कोणत्या पॉलिसीचे आहेत हे कळले नाही.

जिग_फिक्स्चर

तो हप्ता गाडीच्या विम्याचा आणि मुदत विम्याचा आहे. आरोग्य विमा आजवर कंपनीचाच होता, त्यामुळे तो विषय माझ्या ध्यानातच आला नाही. पत्नीला मधुमेह आहे.

मोहोर

मग हे काम राजीनाम्याच्या आधी करावे, हे मी अनुभवाने सांगते. स्वतःची पॉलिसी घेताना मधुमेहाची माहिती लपवू नये, कारण पुढे नेमक्या त्याच कारणाने दावा नाकारला जातो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. आपण अजून दोन वर्षे नोकरीत राहणार असाल आणि पॉलिसी आजच घेतली, तर त्यातील दोन वर्षे कंपनीच्या विम्याच्या छत्राखाली निघून जातील. आम्ही पॉलिसी निवृत्तीच्या महिन्यात घेतली आणि यजमानांच्या हृदयाच्या तपासण्यांचा सर्व खर्च खिशातून केला. नोकरी सोडताना कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हेही मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

जिग_फिक्स्चर

सर्वांचा आभारी आहे. आज मी महाविद्यालयात विचारणा केली, तेव्हा गेल्या वर्षी तासिकांचे पैसे नऊ महिन्यांचेच दिले गेले असे समजले. ३५,००० पैकी १५,००० तिथून धरले होते, त्यामुळे माझा वार्षिक आकडा ३ लाख ७५ हजारांवर येतो. पत्नीच्या विम्याचा हप्ता वाढला की खर्चाची बाजूही ६०,००० वर राहणार नाही. राजीनाम्याचा विचार मी तूर्त दोन वर्षे पुढे ढकलला आहे. आरोग्य विम्याचा अर्ज मात्र याच महिन्यात भरणार आहे. दरम्यान, दोन वर्कशॉपपैकी एकाचे काम शनिवारी करून पाहावे, म्हणजे २०,००० हा आकडा खरा आहे की माझ्या मनातला, हे कळेल.

तासिकावाले

शनिवारचे काम सुरू करण्यापूर्वी आपले नेमणूकपत्र एकदा वाचावे. बाहेरचे काम करण्यास मनाई करणारी अट बहुतेक कंपन्यांच्या पत्रात असते आणि आपले वर्कशॉप जर त्याच कंपनीला माल पुरवत असेल, तर प्रकरण अधिकच नाजूक होईल.

जिग_फिक्स्चर

दोनपैकी एक वर्कशॉप पुरवते. दुसऱ्याशी बोलतो.