मदत हवी आहे: कीस्टोन लावल्यावर तळाची अक्षरे अस्पष्ट दिसतात

वाचनालय_कार्यकर्ता: आमच्या सभागृहात 100 इंची (221 × 125 सेंमी) पडद्यापासून साडेतीन मीटरवर 1920 × 1080 चा प्रोजेक्टर छताला टांगला आहे. लेन्स पडद्याच्या वरच्या कडेहून 40 सेंमी वर येते, म्हणून बसवणाऱ्याने प्रोजेक्टर खाली झुकवून डिजिटल कीस्टोनने चित्र चौकोनी केले. माहितीपटांच्या सबटायटल्समधील रफार आणि अनुस्वार मात्र पुसट दिसतात. यंत्राला उभी ±60 टक्के लेन्स शिफ्ट आहे. तिचा उपयोग होईल का?

रविवारचा_प्रेक्षक: थोड्या कीस्टोनने चित्रपटात काहीही बिघडत नाही. फोकस नीट केलात की काम होईल.

प्रकाशयंत्री: चित्रपटापुरते ते बरेचसे खरे आहे, पण अक्षरांना लागू नाही. प्रोजेक्टर झुकल्यामुळे चित्र खाली रुंद होते, म्हणून कीस्टोन यंत्रातील चित्र घडवणाऱ्या पॅनेलवर ते खालून अरुंद करतो. आपल्या मापांत तळाच्या ओळीसाठी 1920 पैकी साधारण 1740 पिक्सेलच उरतात आणि एका पिक्सेलची बारीक रेघ दोन पिक्सेलांत विभागून करडी होते. हे नुकसान लेन्सच्या आधीच झालेले असल्याने फोकसने भरून निघत नाही. शिवाय न वापरलेल्या पिक्सेलांतूनही थोडा प्रकाश झिरपतो. अंधारात चित्राबाहेर फिकट करडी पाचर दिसते का, ते पाहा.

लेन्स शिफ्टमध्ये पॅनेलवरचे चित्र अखंड राहते, फक्त लेन्स सरकते. ही टक्केवारी चित्राच्या मध्यापासून मोजलेली असेल (माहितीपुस्तिकेतील आकृतीवरून खात्री करा), तर 125 चे 60 टक्के म्हणजे 75 सेंमी, आणि लेन्स वरच्या कडेहून जास्तीत जास्त साडेबारा सेंमी वर चालेल. तेव्हा प्रोजेक्टर किमान 28 सेंमी खाली आणावा लागेल, शक्यतो त्याहून थोडा अधिक. उभी शिफ्ट पूर्ण वापरली की आडवी जवळजवळ उरत नाही, म्हणून लेन्स पडद्याच्या मध्यरेषेवरच हवी.

मग प्रोजेक्टर पडद्याला समांतर करा, कीस्टोन शून्यावर आणा आणि ऑटो कीस्टोन बंद करा, नाहीतर तो पुन्हा लागू होतो. शिफ्टने चित्र जागेवर आणून झूमने पडदा भरा. फोकस मात्र यंत्र अर्धा तास चालून तापल्यावरच पक्का करा.

गणित_शिक्षिका: आमच्या वर्गातील प्रोजेक्टरला लेन्स शिफ्टच नाही. मग कीस्टोनखेरीज इलाज नाही ना?

प्रकाशयंत्री: तसे नाही. अशा अनेक यंत्रांत चित्र लेन्सच्या वर पडेल अशी रचना मुळातच असते. छताला उलटे टांगल्यास ते खाली पडते, म्हणून आधी योग्य उंची शोधावी.

वाचनालय_कार्यकर्ता: करडी पाचर खरोखरच दिसते. पाइप 30 सेंमी वाढवला तर पंख्याचे पाते प्रकाशझोतात येईल, असे वाटते. पंखा हलवावा की पडदा वर घ्यावा? पडदा वर घेतला तर पुढच्या रांगेतील वयस्कर वाचकांना मान उंचावावी लागेल.

प्रकाशयंत्री: पडद्याच्या वरच्या बाजूला किती जागा मोकळी आहे? तो 10 सेंमी जरी चढवता आला, तरी पाइप तेवढाच कमी वाढवावा लागेल. पंख्याचे अंतर मोजून इथे लिहा.