मदत हवी आहे: लोड कमी झाला की हीट एक्स्चेंजरचं तापमान झुलतं

शेल-अँड-ट्यूब एक्स्चेंजर आहे, शेलमध्ये वाफ. पाण्याचा फ्लो कायम, आउटलेट सेटपॉइंट ८०°से. कंट्रोल व्हॉल्व्ह वाफेच्या लाइनवर, खाली फ्लोट ट्रॅप, पुढे कंडेन्सेट ४ मीटर वर चढून रिटर्न हेडरला.

इनलेट २०° असताना शेलमध्ये २ बार गेज असतो आणि लूप शहाण्यासारखा वागतो. इनलेट ५०° झालं की हिशेबाने वाफ १०७° लागते, म्हणजे साधारण ०.३ बार. पण नुसत्या चढाचाच बॅकप्रेशर ०.४ बार! कंडेन्सेट शेलमध्येच तुंबतं. मग व्हॉल्व्ह ५% उघडला तरी दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि पाणी ढकललं गेलं की तापमान एकदम ८-९° उसळतं. फुल लोडला तेवढ्याच हालचालीत जेमतेम ३°.

ट्रॅप उघडून पाहिला, ठीक आहे. व्हॉल्व्ह अडकत नाही. गेन निम्मा केला तर झुलणं कमी झालं, पण फुल लोडला लूप सुस्तावला. पंपिंग ट्रॅप पुढच्या शटडाउनशिवाय बसणार नाही.

तोवर इनलेट तापमानावर गेन शेड्यूल करावा, की शेलचा दाब ०.६ बारखाली जाऊच न देता एक्स्चेंजरभोवती पाण्याचा बायपास ठेवून त्यावर तापमान धरावं?