मदत हवी आहे: पहिल्यांदा पायी वारीला निघणाऱ्यांसाठी व्हिडिओ, गाडं पायताणाशी अडलंय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून आषाढीला पंढरपूरला पहिल्यांदाच चालत निघणाऱ्यांसाठी छोटा व्हिडिओ करतोय. पाणी, सामान आणि दिंडीत कसं वागायचं (टाळकऱ्यांच्या रांगेतून आडवं घुसायचं नाही) हे चित्रण झालंय. घोळ आहे पायताणाचा.

सध्या असं सांगतोय: कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. कितीही लाडकी असली तरी कातडं भिजलं की सैल पडतं, पाय आत सरकतो आणि पट्ट्याखाली फोड येतो. नवे बूटही नकोत. महिनाभर वापरलेली, मागं पट्टा असलेली सँडल बरी. बोटांपुढं थोडी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. टाच चुरचुरायला लागली की तिथंच बाजूला बसायचं, पाय पुसायचा आणि कापडी चिकटपट्टी लावायची. मुक्कामापर्यंत दम काढला तर फोड आलेलाच असतो. तो सुईनं फोडायचा नाही, मधुमेह असेल तर अजिबातच नाही.

अडचण पावसाची. उघड्या सँडलमध्ये पट्ट्याखाली खडी अडकते आणि घासते. मोजा घातला तर तो ओलाच राहतो, कातडी पांढरी, मऊ पडते आणि लवकर सोलते. मग चालताना मोजा घालायला सांगावं की फक्त मुक्कामी कोरडा? आणि ओल्या टाचेवर पट्टी टिकवायला तुम्ही काय करता? दरवर्षी चालणाऱ्यांनी नेमकं सांगा, तेवढाच भाग पुन्हा चित्रित करायचाय.